टीममध्ये सोमवारी नवा मुलगा येतोय, त्याला मॅनेजर म्हणून स्वागताची मेल कशी लिहावी?

मेघना_कोथरूड

खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगची टीम सांभाळते. ही जबाबदारी एप्रिलपासून आली, त्यामुळे नव्या माणसाला अशी मेल लिहायची ही पहिलीच वेळ. मुलगा सोलापूरचा आहे. दोन वर्षांचा अनुभव आहे, पण ती दोन्ही वर्षं त्याने घरूनच काम केलंय. ऑफिसात रोज जाऊन बसणं त्याला पूर्ण नवीन असेल. चंदननगरला पीजी बघून झालंय.

एचआरची मेल वेगळी जाते. कागदपत्रं, पीएफ, बँक खातं वगैरे सगळं त्यात असतं. माझ्या मेलमध्ये पहिल्या आठवड्याची व्यवस्था आणि त्याच्याकडून काय अपेक्षा आहे एवढंच हवंय. मेल इंग्रजीत जाईल, पण इथे मराठीत मजकूर देते:

> टीममध्ये तुझं मनापासून स्वागत! आमची टीम उत्साही आहे आणि तुझ्यासारखा होतकरू सहकारी मिळतोय याचा आम्हाला आनंद आहे. सोमवारी सकाळी ऑफिसला ये. लॅपटॉप आणि सगळे अॅक्सेस पहिल्याच दिवशी मिळतील. पहिल्या आठवड्याच्या मीटिंग तुझ्या कॅलेंडरवर टाकल्या आहेत. वाचायचं सगळं टीमच्या विकीवर आहे, लिंक खाली देते. पहिल्या आठवड्यात प्रॉडक्ट नीट समजून घे, प्रोअॅक्टिव्ह राहा आणि लवकरात लवकर योगदान द्यायला सुरुवात कर. काहीही अडलं तर बिनधास्त विचार.

यात काय कमी आहे? स्पष्ट सांगा, गुरुवारी पाठवायची आहे.

निनाद७७

चांगली आहे की. मला आजवर एवढीसुद्धा कोणी लिहिली नव्हती.

जयंत_बावधन

मेघनाताई, आधी एक विचारतो. ही मेल त्याच्या कुठल्या पत्त्यावर जाणार?

मेघना_कोथरूड

त्याच्या स्वतःच्या जीमेलवर. ऑफिसचा पत्ता सोमवारी सुरू होईल.

जयंत_बावधन

मग त्या जागी बसून मेल पुन्हा वाचा. गुरुवारी संध्याकाळी तो सोलापुरात घरी, मोबाइलवर ती उघडणार. ऑफिसचं खातंच नसल्यामुळे तुम्ही टाकलेल्या मीटिंग त्याला दिसत नाहीत. विकीची लिंक व्हीपीएनशिवाय उघडत नाही. तो दाबून बघतो, एरर येते. आता आपलंच काही चुकलं का, आत्ताच वाचून जायला हवं होतं का, हा विचार करत तो चार दिवस काढतो. विचारायलाही संकोच वाटतो, कारण अजून ओळख नाही.

म्हणून रुजू होण्याआधीच्या मेलमध्ये लिंक नको. वेळा मेलच्या मजकुरातच लिहायच्या. शिवाय ती कंपनीबाहेरच्या पत्त्यावर जातेय, त्यामुळे क्लायंटचं नाव, वायफायचा पासवर्ड, अंतर्गत सिस्टिमचे पत्ते यातलं काहीच त्यात नको. हे भल्याभल्यांच्या हातून जातं.

दुसरं, "सगळे अॅक्सेस पहिल्याच दिवशी" हे आयटीला विचारून लिहिलंय का?

मेघना_कोथरूड

लिंकचं लक्षात आलं, काढते. अॅक्सेसचं आजच विचारते.

प्राजक्ता_वाकड

मीपण पुढच्या आठवड्यात नवीन कंपनीत रुजू होतेय, त्यामुळे धागा अगदी वेळेवर आला! अशा मेलला उत्तर काय द्यायचं असतं? आणि नव्या कंपनीत पीएफचा नंबर नवीन मिळतो ना? जुन्याचं काय होतं?

ऋजुता

@प्राजक्ता, धागा मेल लिहिणाऱ्यांचा आहे, पण सांगते. यूएएन एकच राहतो, तोच नव्या कंपनीला द्यायचा. मेंबर आयडी मात्र प्रत्येक कंपनीत नवा पडतो. जुन्या कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते पीएफच्या पोर्टलवर बघून घ्या. ती नसेल तर रक्कम हलवताना अडतं. या आर्थिक वर्षात जुन्या कंपनीकडून मिळालेला पगार आणि कापलेला टीडीएसही नव्या कंपनीला कळवा. नाहीतर त्या फक्त त्यांच्याकडच्या पगारावर हिशोब धरतात, कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम रक्कम भरावी लागते.

मेलला उत्तर दोन ओळींचं पुरे. मिळाली, अमुक वाजता पोहोचते, हा माझा नंबर.

प्राजक्ता_वाकड

खूप आभार! टीडीएसचं माहीतच नव्हतं.

मंदार_के

मला वाटतं अपेक्षा लेखी देऊच नयेत. मॅनेजरने मेलमध्ये लिहिलेलं उद्या कोणीही पुरावा म्हणून दाखवू शकतं. स्वागत करा, वेळ सांगा, बाकी समोरासमोर बोला.

जयंत_बावधन

मंदार, अर्धं पटतंय. पगार, प्रोबेशन, कायम कधी होणार, रजा किती, घरून काम किती दिवस, या गोष्टी नेमणूकपत्रात असतात. मॅनेजरने त्या स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहू नयेत. तिकडे एक आणि इकडे दुसरं झालं की त्रास त्या मुलालाच होतो. पण "शुक्रवारपर्यंत एवढं झालं तरी पुरे" असं लिहिल्याने कोणी अडचणीत येत नाही. उलट ते लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपापलं माप लावतो. टीममधला एक म्हणतो अजून काहीच करत नाही, दुसरा म्हणतो बिचाऱ्याला वेळ द्या.

"प्रोअॅक्टिव्ह राहा, लवकरात लवकर योगदान दे" ही ओळ मी काढेन. सोमवारी सकाळी त्याने नेमकं काय केलं म्हणजे तो प्रोअॅक्टिव्ह ठरेल? ते तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि जी अपेक्षा पुरी झाली की नाही हे शुक्रवारी कळत नाही, ती फक्त धास्ती वाढवते.

अण्णा_भोसरी

आमचं वर्कशॉप आहे, आयटीतलं मला कळत नाही. पण नवीन ऑपरेटर येतो तेव्हा आम्ही व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवतो: गेटवर कोणाला भेटायचं, सेफ्टी शूज कुठल्या मापाचे, जेवण कॅन्टीनला की डबा, आणि सुट्टी गुरुवारी. गुरुवार ठळक लिहावा लागतो. बाहेरगावचे लोक सुट्टी रविवारीच धरून चालतात, आणि मग रविवारी गावी जातात नि गुरुवारी गेटवर उभे राहतात. ताई, तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असेल जी पुणेकराला सांगावी लागत नाही. ती शोधा.

ऋजुता

अण्णा, अगदी बरोबर. खराडीत ती गोष्ट म्हणजे गेट. आयटी पार्कमध्ये इमारती चार-पाच, कंपनीचे मजले वेगवेगळे, आणि सिक्युरिटीच्या यादीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत. पहिल्या दिवशी ओळखपत्र नसतं. म्हणून कुठली इमारत, कुठलं रिसेप्शन, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेव, आणि अडलं तर या माणसाला फोन कर, हे सगळं हवं. दुचाकी आणणार असेल तर पार्किंगचा स्टिकर मिळेपर्यंत गाडी कुठे लावायची तेही.

निनाद७७

मेट्रोचंही लिहा. वनाझहून मेट्रो २०२४च्या मार्चपासून रामवाडीपर्यंत येते, पुढे नगर रस्त्याने पीएमपी किंवा रिक्षा. नकाशात बघून लोकांना वाटतं स्टेशनवरून चालत जाता येईल.

मेघना_कोथरूड

तो चंदननगरला राहतोय, त्याला मेट्रो लागणार नाही. तिथून शेअर रिक्षा मिळते ते लिहिते.

आयटीकडून उत्तर आलं. लॅपटॉप सोमवारी दुपारनंतर. ऑफिसची मेल आणि व्हीपीएन त्याच दिवशी. कोडच्या रिपॉझिटरीला दोन मंजुऱ्या लागतात, म्हणजे बुधवार. आणि क्लायंटच्या सिस्टिमचा अॅक्सेस पार्श्वभूमी तपासणी झाल्यावरच, त्याला तीन आठवडे तरी जातील. म्हणजे माझं ते वाक्य साफ काढावं लागणार. पण मग पहिल्या आठवड्यात त्याला काम काय द्यायचं? आमचं बरंचसं टेस्टिंग क्लायंटच्याच सिस्टिमवर चालतं.

जयंत_बावधन

बरं झालं विचारलंत. आता कशाला कधी परवानगी मिळते त्या क्रमाने आठवडा मांडा. सोमवारी हातात काहीच नाही, म्हणून ओळखी आणि प्रॉडक्टचं प्रात्यक्षिक. मंगळवारी लॅपटॉप आहे पण कोड नाही, म्हणून कोडशिवाय होणारं काम: प्रॉडक्ट ग्राहकासारखं वापरून बघायचं आणि लिहून ठेवलेल्या टेस्ट केसेस हाताने चालवायच्या. बुधवारी रिपॉझिटरी उघडली की तुमची सेटअपची टिपणं घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर ऑटोमेशन उभं करायचं. तुमच्याकडे कंपनीचं स्वतःचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे ना? मग तिथे स्मोक टेस्ट एकदा चालवायची. नव्या टेस्टरला पहिल्या आठवड्यात एवढं पुष्कळ आहे.

एक काम मी नेहमी देतो. सेटअपच्या टिपणांत जी पायरी लिहिल्याप्रमाणे चालली नाही ती त्याने तिथेच दुरुस्त करायची. जुन्या लोकांना त्या पायऱ्या तोंडपाठ असतात, त्यामुळे त्यांना चूक दिसत नाही. ती फक्त नव्याला दिसते, आणि तीही पहिल्याच वेळी. शिवाय शुक्रवारी त्याच्या नावावर टीमच्या उपयोगाची एक गोष्ट झालेली असते.

स्नेहल_ह

"काहीही अडलं तर बिनधास्त विचार" याने कोणी विचारत नाही. मी पहिल्या नोकरीत व्हीपीएनच्या एका एररवर दोन दिवस बसून होते. मॅनेजर जाता-येता विचारायचे, "सगळं ठीक?" मी म्हणायचे, "हो सर, वाचतेय." ते व्यग्र दिसायचे, त्यांना कशाला त्रास द्यायचा असं वाटायचं. त्या मुलाने तर दोन वर्षं घरून काम केलंय, शेजारच्याला विचारायची सवय त्याला नसणारच.

जयंत_बावधन

स्नेहलने दुखरी जागा दाखवली. "वाचतोय" हे उत्तर बुधवारनंतर आलं तर समजायचं की माणूस कुठेतरी अडकलाय. म्हणून "सगळं ठीक?" असं विचारायचंच नाही. "स्मोक टेस्ट कुठवर आली, स्क्रीन दाखव बरं" असं विचारायचं. आणि मेलमध्ये अर्ध्या तासाचा नियम घालायचा: अर्धा तास स्वतः प्रयत्न कर, नाही जमलं तर अमक्याला विचार. विचारणं हाच नियम झाला की संकोच उरत नाही.

मंदार_के

अर्धा तास फार कमी. स्वतः शोधायची सवय कशी लागणार? आम्ही दिवसभर झगडायचो, त्यातूनच शिकलो.

स्नेहल_ह

एरर समजून घ्यायला दिवस लागला तर शिकणं झालं. पण मंजुरी कोणाकडे अडकलीय हे शोधण्यात दिवस गेला तर त्यातून काय शिकणार? पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक अडचणी त्या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

मंदार_के

परवानग्यांच्या बाबतीत मान्य. कामाच्या बाबतीत मी अजून दिवसभर म्हणेन.

मेघना_कोथरूड

मी पहिल्या आठवड्यापुरता अर्धा तास ठेवते. विचारायचं कोणाला, तर टीममधल्या एकाला त्याचा सोबती नेमलाय. त्याचं त्या आठवड्याचं काम थोडं कमी केलंय, नाहीतर तोही वैतागेल.

आणखी एक प्रश्न आहे. आमचा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तासभर कॉल असतो. हे स्वागताच्या मेलमध्ये लिहावं का? घाबरेल असं वाटतं.

निनाद७७

पहिल्याच मेलमध्ये नको. हळूहळू कळेल.

ऋजुता

नक्की लिहा. खरं तर मुलाखतीतच सांगायला हवं. पीजीमध्ये रात्रीच्या जेवणाची वेळ ठरलेली असते, कोणी संध्याकाळचा क्लास लावतं. मंगळवारी दुपारी "आज थांबावं लागेल" असं कळणं जास्त वाईट.

आणि पुढचंही सांगा. क्लायंट पूर्व किनाऱ्यावरचा असेल तर आपले साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा तोच कॉल आपल्याकडे साडेआठला येतो आणि साडेनऊला संपतो. टीममध्ये मुली असतील तर ही वेळ नीट बघा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बायकांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. कॉल दहा मिनिटं लांबला की तुम्ही त्या रेषेपलीकडे गेलात.

मेघना_कोथरूड

क्लायंट न्यू जर्सीचा आहे, म्हणजे हे आम्हाला तंतोतंत लागू. हिवाळ्यात कॉल आधी घ्यायचं त्यांच्याशी आत्ताच बोलते. टीममध्ये दोघी आहेत, मी धरून.

सगळ्यांचं ऐकून नव्याने लिहिलीय. मोबाइलवर वाचली जाणार म्हणून वेळ आणि जागा सगळ्यात वर घेतली:

> नमस्कार,
>
> सोमवारी तू आमच्या टीममध्ये येतोयस, सगळे वाट बघतोय.
>
> सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या रिसेप्शनला ये. इमारतीचं नाव आणि नकाशा खाली आहे. एचआरनेही हीच वेळ दिली आहे. सिक्युरिटीकडे तुझं नाव दिलंय, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेव. चंदननगरहून शेअर रिक्षा मिळते. गेटवर काही अडलं तर तुझ्या सोबत्याला फोन कर, नंबर खाली आहे. साडेअकरापर्यंत एचआरचं काम चालेल, मग तो तुला न्यायला येईल. एक वाजता आपण सगळे एकत्र जेवू, त्या दिवशी डबा आणू नकोस.
>
> लॅपटॉप, ऑफिसची मेल आणि व्हीपीएन सोमवारी दुपारनंतर मिळेल. कोडचा अॅक्सेस बुधवारी. क्लायंटच्या सिस्टिमचा अॅक्सेस यायला तीन आठवडे किंवा जास्त लागू शकतात. सगळ्यांनाच तेवढे लागतात, तोवर आपण आपल्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर काम करू. येण्याआधी काहीही वाचायची गरज नाही.
>
> शुक्रवारपर्यंत तीन गोष्टी व्हाव्यात. लॉगिनच्या टेस्ट केसेस हाताने चालवून जे दिसलं ते लिहिणं. तुझ्या लॅपटॉपवर स्मोक टेस्ट एकदा पूर्ण चालवणं. सेटअपच्या टिपणांत जी पायरी चुकीची निघेल ती दुरुस्त करणं. क्लायंटशी बोलणं, कामाला किती वेळ लागेल ते सांगणं, घाईचे बग घेणं, हे पहिल्या आठवड्यात तुझ्याकडून अपेक्षित नाही.
>
> कुठेही अर्ध्या तासापेक्षा जास्त अडलास तर सोबत्याला विचार. मी रोज पाच वाजता दहा मिनिटं तुझ्याजवळ येऊन बसेन. शुक्रवारी चार वाजता आपण दोघं सविस्तर बोलू.
>
> कामाची वेळ साडेदहा ते सात. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसातला क्लायंटचा कॉल असतो. तू दुसऱ्या आठवड्यापासून त्यात बसशील, आणि त्या दोन दिवशी दुपारी बाराला आलास तरी चालेल.
>
> आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मलाही मेघना म्हण.

अण्णा_भोसरी

आता कसं. हे आमच्या सुपरवायझरलाही दाखवतो.

जयंत_बावधन

उत्तम. "अपेक्षित नाही" ही ओळ कोणी लिहित नाही, ती आलीय याचा विशेष आनंद. एकच सुचवतो. बुधवारच्या अॅक्सेसची विनंती आजच टाकून तिचा तिकीट नंबर स्वतःकडे ठेवा. तो रुजू झाल्यावर टाकली तर दोन मंजुऱ्यांना गुरुवार उजाडेल, आणि मेलमधलं दुसरं काम जागीच अडेल. काही ठिकाणी कर्मचारी क्रमांक पडल्याशिवाय विनंती घेत नाहीत. तसं असेल तर मेलमध्ये बुधवारऐवजी गुरुवार लिहा, आणि स्मोक टेस्ट पुढच्या सोमवारपर्यंत ठेवा.

मंदार_के

नावाने हाक मारायचं लिहिलंत ते ठीक, पण सोलापूरचा मुलगा पहिले सहा महिने मॅडमच म्हणणार. त्याला म्हणू द्या, त्यावरून टोकू नका.

स्नेहल_ह

हो, मी अजून सर म्हणते. टीममधले बाकीचे काय म्हणतात ते बघून तो ठरवेल.

मेघना_कोथरूड

चालेल, त्याला जमेल तसं.

जयंतसर, विचारलं. कर्मचारी क्रमांक सोमवारी सकाळी पडतो आणि त्याआधी विनंती घेत नाहीत. म्हणून कोडचा अॅक्सेस गुरुवारी असं केलंय. शुक्रवारच्या यादीत आता लॉगिनच्या केसेस आणि टिपणांमधल्या कोड लागत नाही तेवढ्या पायऱ्या ठेवल्या, स्मोक टेस्ट पुढच्या सोमवारपर्यंत. दोन्ही मंजुऱ्या देणाऱ्यांना सोमवारी अकराला विनंती येईल असं सांगून ठेवलंय, त्यातले एक मंगळवारी रजेवर आहेत असं कळलं. त्यांच्याऐवजी कोण मंजुरी देईल ते आज ठरतंय.

निनाद७७

आमच्याकडे ऑगस्टमध्ये दोघं येतायत. हा मजकूर थोडा बदलून वापरला तर चालेल का?

मेघना_कोथरूड

खुशाल वापरा. फक्त अॅक्सेसचे दिवस तुमच्या आयटीला विचारून घाला.